लाईटबिल भरायच्या आधी दहा मिनिटं: मीटरपासून शेवटच्या ओळीपर्यंत बिल कसं वाचायचं

चवथ झाली की गोव्यात आमच्या वाड्यावर दरवर्षी हे ठरलेलं असतं. सप्टेंबरचं लाईटबिल येतं, आकडा बघून घरात कोणीतरी डोळे मोठे करतं, मग दुसरं कोणीतरी म्हणतं की अरे माटोळीवर लाइटी होत्या ना, पावणे आलेले, पंखे दिवसभर चालू, येणारच. आणि बिल भरून टाकतात. पण जरा हिशोब करून बघा. एलईडीची माळ साधारण 20 वॅटची धरा, रोज दहा तास लावली तर 0.2 युनिट, सात दिवसांचा गणपती असला तर दीड युनिटाच्या आतच. अशा दहा माळा लावल्या तरी चौदा युनिट. म्हणजे बिल जर शंभर दीडशे युनिटनी वाढलं असेल तर ते माटोळीवर ढकलून चालणार नाही, कारण दुसरीकडे शोधायला पाहिजे.

आता सगळ्या चुका एका लेखात मावणार नाहीत, म्हणून मी एकच धरतो, जी आपल्याकडे घराघरात होऊ शकते आणि बिल नुसतं वरवर बघितलं तर दिसतच नाही. दोनतीन महिने अंदाजे बिल येतं, मग एकदा खरं रीडिंग होतं, आणि तेव्हा स्लॅब म्हणजे युनिटांप्रमाणे चढत जाणारी दराची पायरी चुकते. ती पकडायला बिलाच्या बहुतेक सगळ्या ओळी वाचाव्या लागतात, त्यामुळे बाकीचं आपोआप तपासून होतं.

आधी बिल नाही, मीटर

बिल हातात घेऊन पडवीत जा. मीटरवर आकडे आपोआप बदलत असतात, त्यात पुष्कळ लोकांची गफलत होते. कधी तारीख दिसते, कधी व्होल्टेज, कधी kVAh, कधी त्या महिन्यातली जास्तीत जास्त मागणी. आपल्याला हवा तो आकडा ज्याच्या बाजूला kWh लिहिलेलं असतं तो, आणि तोही एकूण जमा झालेला, बाकीचे सोडून द्या. kVAh चा आकडा kWh च्या जवळपासच पण थोडा जास्त असतो, त्यामुळे तो चुकून टिपला तर संशयही येत नाही. मोबाईलवर फोटो काढा, शक्य असेल तर मीटरचा नंबरही त्याच फोटोत येऊ द्या, कारण पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच कागद.

मग बिलावरचा मीटर नंबर आणि मीटरवरचा नंबर जुळतो का बघा. हसू नका, दोन भावांची घरं एका भिंतीला लागून असली, किंवा बिल्डिंगमध्ये खाली वीस मीटर एका बोर्डवर असले, तर मीटरांची अदलाबदल कुठेही होऊ शकते. फ्लॅटमध्ये राहात असाल तर आपला मेन स्विच एक मिनिट बंद करा आणि खाली कोणाला तरी उभं करून बघा की आपलाच मीटर थांबतो की शेजाऱ्याचा.

आता बिलावरचं प्रेझेंट रीडिंग घ्या. तुम्ही आज जो आकडा वाचला तो त्यापेक्षा जास्त असायला पाहिजे, कारण रीडिंग होऊन काही दिवस गेले. किती जास्त, ते रोजच्या वापरावरून ठरतं. रोज साडेसहा युनिट जळत असतील आणि रीडिंगला आठ दिवस झाले असतील तर साधारण 52 चा फरक यायला हवा. मीटरवरचा आजचा आकडा जर बिलावरच्यापेक्षा कमी असेल तर मग काय, बिल चूकच आहे, मीटर उलटा फिरत नाही (सोलर नसेल तर). आणि फरक जर खूपच मोठा असेल, म्हणजे आठ दिवसांत 300 युनिट वाढलेले दिसत असतील, तर त्याचा अर्थ बिलावरचं रीडिंग कोणी मीटर बघून घेतलेलंच नाही, अंदाजानं टाकलंय. हे ऐकायला चांगलं वाटतं, बिल कमी आलं म्हणून, पण पुढे तेच अंगाशी येतं.

अंदाजे बिल कसं ओळखायचं

पुष्कळ घरांत मीटर ग्रिलच्या आत पडवीत असतो आणि दिवसा दोघंही नोकरीवर, ग्रिलला कुलूप. रीडिंग घेणारा येतो, दोन हाका मारतो, जातो. मग बिल सरासरीवर निघतं. बिलावर रीडिंगच्या आसपास मीटरची स्थिती लिहिलेली असते, तिथे दार बंद, सरासरी, अंदाजे असं काहीतरी असलं की समजायचं. तसं काही लिहिलेलं नसलं तरी मागची तीन चार बिलं शेजारी शेजारी ठेवा. लागोपाठ दोन महिने अगदी तेवढेच युनिट, 120 आणि पुन्हा 120, असं माणसाच्या घरात कधी होत नाही. मे महिन्यात आणि जुलैमध्ये पंखा सारखाच चालतो असं मला कोणी सांगू नये.

ह्यावर नियम आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. केंद्र सरकारनं 31 डिसेंबर 2020 ला वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले, त्यात म्हटलंय की एका आर्थिक वर्षात एका ग्राहकाला दोनपेक्षा जास्त अंदाजे बिलं काढायची नाहीत. पूर वादळ अशी आपत्ती सोडून दोनपेक्षा जास्त झाली तर खऱ्या रीडिंगचं बिल येईपर्यंत ग्राहक पैसे भरायला नकार देऊ शकतो. आणि लागोपाठ दोन वेळा मीटरपर्यंत पोचता आलं नाही तर ग्राहक स्वतः मीटरचा फोटो रीडिंग आणि तारखेसकट रजिस्टर केलेल्या मोबाईलवरून किंवा ईमेलनं पाठवू शकतो. म्हणून तो फोटो. दार बंद असतं हे तुम्हाला माहीतच आहे, तर दर महिन्याच्या त्याच तारखेला फोटो काढून ठेवायची सवय लावा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता खरी गोष्ट, स्लॅब

गोव्यात घरगुती दर शंभर शंभर युनिटांच्या पायऱ्यांनी चढतो. पहिले 100 सगळ्यात स्वस्त, मग 101 ते 200, 201 ते 300, 301 ते 400 आणि 400 च्या वर सगळ्यात महाग. दर जेईआरसी म्हणजे गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते वेळोवेळी बदलतात, त्यामुळे खरे दर तुमच्या बिलावरून घ्या. मी इथे हिशोब डोक्यात बसावा म्हणून गोल आकडे घेतो, खरे दर म्हणून धरू नका: पहिल्या शंभराला 2 रुपये, पुढे 3, 4, 5 आणि 400 च्या वर 6.

समजा एक घर आहे, 4 जूनला खरं रीडिंग झालं, 12480. जुलैमध्ये दार बंद, अंदाजे 120 युनिट लावले, बिलावर रीडिंग पडलं 12600. ऑगस्टमध्ये परत तेच, 12720. मग 4 सप्टेंबरला चवथीच्या निमित्तानं घर उघडं सापडलं, खरं रीडिंग झालं 13080.

सप्टेंबरच्या बिलावर काय दिसेल? 13080 वजा 12720, बरोबर 360 युनिट. वजाबाकी बरोबर आहे, मीटर बरोबर आहे, दर बरोबर आहेत, आणि तरीही बिल चूक आहे, हीच ह्यातली मजा. 360 युनिटांचं एका महिन्याचं बिल काढलं तर 200 अधिक 300 अधिक 400 अधिक शेवटच्या 60 चे 300, झाले 1200 रुपये. आधीची दोन बिलं प्रत्येकी 260 ची (पहिल्या शंभराचे 200, वरच्या वीसाचे 60), म्हणजे 520. तीन महिन्यांत एकूण 1720 गेले.

पण ते 360 युनिट काय एका महिन्यात जळले? नाही. खरं रीडिंग ते खरं रीडिंग बघा. 13080 वजा 12480, 600 युनिट, तीन महिन्यांत. महिन्याला 200. दोनशे युनिटांचं बिल 500 रुपये, तीन महिन्यांचे 1500. म्हणजे 220 रुपये जास्त गेले, आणि ते गेले कारण जूनजुलैचे युनिट सप्टेंबरच्या महागड्या पायरीवर जाऊन बसले.

हेच दुसऱ्या पद्धतीनं करून बघा म्हणजे खात्री पटेल. तीन महिन्यांचं बिल एकत्र काढायचं तर प्रत्येक पायरीही तीनपट व्हायला पाहिजे, पहिली पायरी 100 ची नाही तर 300 ची. पहिल्या 300 चे 600 रुपये, पुढच्या 300 चे 900, बेरीज परत 1500. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला की हिशोब बरोबर.

ह्याहून वाईट प्रकार असा की 600 च्या 600 युनिट एका महिन्याच्या पायऱ्यांवर टाकतात आणि आधी भरलेले 520 वजा करतात. कागदावर एकदम न्यायाचं दिसतं, वजावट दिली ना! पण 600 चं एका महिन्याचं बिल 200, 300, 400, 500 आणि वरच्या 200 युनिटांचे 1200, असं 2600 होतं. वजावट धरूनसुद्धा 2080 भरायचे, जिथे खरे 980 बाकी होते. अकराशे रुपयांचा फरक, तोही सोपे आकडे धरून.

म्हणून बिलात स्लॅबचा जो तक्ता असतो तो वाचा. पहिल्या ओळीत किती युनिट धरलेत? बिल तीन महिन्यांचं आणि पहिल्या ओळीत 100 असतील तर तिथेच बोट ठेवा. सोबत बिलाचा कालावधी किती दिवसांचा लिहिलाय ते बघा, आणि तो शेवटच्या खऱ्या रीडिंगपासून मोजलाय की नुसत्या मागच्या बिलापासून, हे तारखांवरून कळतं.

बाकीच्या ओळी, पटापट

फिक्स्ड चार्ज हा युनिटांवर नसतो, तुमच्या मंजूर लोडवर असतो, किलोवॅटमागे महिन्याला इतके. दोन गोष्टी बघा. लोड किती लिहिलाय, तुम्ही घेतला त्यापेक्षा जास्त नाही ना. आणि वरच्यासारखं तीन महिन्यांचं दुरुस्त बिल आलं असेल तर तीन महिन्यांचा फिक्स्ड चार्ज लावलाय का, कारण जुलै ऑगस्टच्या अंदाजे बिलांत तो तुम्ही भरून मोकळे झालाय. वजावट देताना नुसत्या युनिटांचे पैसे वजा केले आणि हा विसरला तर दोनदा भरला जातो.

इंधन आणि वीजखरेदीच्या फरकाची एक ओळ असते, एफपीपीसीए. ही वरखाली होते, कधी वजासुद्धा, त्यामुळे मागच्या महिन्याशी ताडून डोकं पिकवू नका. वीज शुल्काचं म्हणजे ड्युटीचं तसंच, युनिट चुकले की ह्या ओळीही चुकतात, युनिट सुधारले की ह्याही सुधारल्या पाहिजेत.

टॅरिफ कॅटेगरी मात्र नीट बघा. घरगुतीच्या जागी कमर्शिअल लागली असेल तर प्रत्येक युनिट महाग. घरातली एक खोली दुकानाला दिलेली, मग दुकान बंद केलं, पण कॅटेगरी तशीच राहिली, असं होतं, आणि ती आपणच अर्ज करून बदलून घ्यायची असते. उलट, घरगुती मीटरवर पावण्यांना खोल्या भाड्यानं देत असाल तर हा विषय तक्रारीत स्वतःहून काढताना जरा विचार करा.

थकबाकीच्या ओळीत मागचं बिल भरूनही रक्कम दिसत असेल तर आधी तारखा बघा. बिल छापलं 5 ला आणि तुम्ही भरलं 6 ला, तर ती थकबाकी नाही, नुसता उशीर आहे, पुढच्या बिलात जाईल. पण भरल्याला महिना उलटून गेला तरी दिसतेय, तर पावती शोधा आणि त्यावरचा सीए नंबर म्हणजे तुमच्या खात्याचा नंबर तपासा, ऑनलाईन भरताना एक आकडा इकडचा तिकडे झाला की पैसे दुसऱ्याच्या खात्यावर. अचानक पाच वर्षांपूर्वीची बाकी उगवली तर वीज कायदा 2003 चं कलम 56(2) लक्षात ठेवा, रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही, फक्त ती मधल्या प्रत्येक बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवलेली असली तर येते. म्हणून जुनी बिलं रद्दीत घालू नका.

आणि जमेची एक ओळ, जी कोणी शोधत नाही. कनेक्शन घेताना सिक्युरिटी डिपॉझिट भरलेलं असतं, त्यावर व्याज द्यावं लागतं, कलम 47(4). वर्षातून एकदा ते बिलात वजा होऊन यायला हवं.

सगळं बरोबर आहे, तरी बिल जास्त

असंही होतं आणि हे मान्य करावं लागतं. माझ्या साखळीच्या मावशीचं मेचं बिल जवळजवळ दुप्पट आलेलं, मी मोठ्या तोऱ्यात गेलो, बिलं मांडली, रीडिंग जुळलं, स्लॅब जुळला, काहीच चूक सापडेना. मावशी म्हणाली, "तू शिकलेला ना रे, मग सांग बघू पैसे कुठे जातायत?" रात्री दहाला रीडिंग टिपलं, सकाळी सहाला परत. फ्रीज आणि दोन पंखे एवढ्यावर आठ तासांत सात युनिट. मग एकेक एमसीबी पाडत गेलो, पंपाचा पाडला आणि मीटरवरची लाल लाईट एकदम मंदावली. टाकीचा वॉल्व गळत होता, पंप आपोआप सुरू होणारा, रात्रभर विहिरीतलं पाणी वर चढत होतं आणि मागच्या कुळागरात वाहून जात होतं. माड मात्र खूश होते. एक एचपीचा पंप तासाला साधारण एक युनिट खातो, दिवसाला सहा तास जादा चालला तरी महिन्याला 180 युनिट.

मीटरच जोरात धावतोय का हे घरच्या घरी अंदाजानं बघता येतं. मीटरवर imp/kWh असं लिहून एक आकडा असतो, समजा 3200, म्हणजे एका युनिटाला ती लाल लाईट 3200 वेळा लुकलुकते. घरातलं सगळं बंद करा. मेन स्विच पाडल्यावरसुद्धा ती लुकलुकत राहिली तर मीटर तरी बिघडलाय किंवा मीटर आणि मेनच्या मधल्या वायरीत कुठेतरी गळती आहे किंवा कोणी जोडून घेतलंय, वायरमनला बोलवा, स्वतः हात घालू नका. थांबली तर मेन चालू करून फक्त 1000 वॅटची थंड इस्त्री पूर्ण तापमानावर लावा आणि पहिल्याच मिनिटात मोजा, नंतर ती तापून आपोआप बंद होते. 230 व्होल्ट असतील तर मिनिटाला 53 च्या आसपास यायला पाहिजे. गावात व्होल्टेज 200 वर आलेलं असेल तर इस्त्रीच कमी ओढते, तेव्हा 40 आले तरी ठीक. पण 80 मोजले तर मीटर टेस्टिंगचा अर्ज करा. 2020 च्या त्याच नियमांप्रमाणे तक्रार आल्यापासून 30 दिवसांत मीटर तपासायचा असतो. घरची मोजणी पुरावा नाही हां, ती फक्त अर्ज करायचा की नाही हे ठरवायला.

चूक सापडली, आता

1912 वर फोन करून तक्रार नंबर घ्या, पण हिशोबाची भांडणं फोनवर सुटत नाहीत. आपल्या भागाच्या सबडिव्हिजनच्या सहाय्यक अभियंत्याला एका पानाचा अर्ज लिहा. त्यात रागावू नका, फक्त चार ओळी: शेवटचं खरं रीडिंग आणि तारीख, आत्ताचं खरं रीडिंग आणि तारीख, मधले महिने किती, आणि त्याप्रमाणे स्लॅब लावून रक्कम किती व्हायला हवी. फोटो आणि तिन्ही बिलांच्या झेरॉक्स जोडा. दोन प्रती न्या, एकीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख मारून परत घ्या, शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज दिला नाही असाच धरायचा.

मुदत जवळ आलीय आणि निकाल नाही, तर बिल पूर्ण भरायचं की नाही? इथे कलम 56(1) कामाला येतं. वाद चालू असताना मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, ह्या दोहोंतली जी कमी ती तुम्ही निषेध नोंदवून भरली, तर वीज तोडता येत नाही. शिवाय तोडायच्या आधी लेखी नोटीस आणि पूर्ण 15 दिवस द्यावेच लागतात. वरच्या उदाहरणात बिल 1200 चं आणि सहा महिन्यांची सरासरी समजा 400 असेल तर 400 भरायचे, आणि अर्जात स्पष्ट लिहायचं की ही रक्कम निषेध नोंदवून भरतोय. ऑनलाईन भरताना कमी रक्कम घेत नसेल तर काउंटरवर जा. तिथेही नाही म्हणाले तर तेही अर्जात लिहून शिक्का घ्या. रक्कम दोनशेचीच असेल आणि रजा टाकून खेपा घालायच्या असतील तर सरळ पूर्ण भरा आणि अर्ज चालू ठेवा, पैसे पुढच्या बिलात वळते होऊ शकतात.

सबडिव्हिजननं ऐकलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यालाच लोक सीजीआरएफ म्हणतात, आणि तिथला निकाल पटला नाही तर जेईआरसीचा लोकपाल.

दुरुस्त बिल हातात आलं की परत एकदा पेन्सिल घ्या. जास्तीची रक्कम कमी झाली पण त्या रकमेवर लावलेला उशिराचा अधिभार तसाच राहिला असं झालं नाही ना, हे बघायचं. आणि त्याच्या पुढच्या महिन्याच्या बिलावर प्रिव्हियस रीडिंग 13080 च आहे ना, तेही बघा.